चार रुपयांचा फरक: समान रकमेची दोनदा खरेदी आणि सरासरी भाव

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातल्या निवृत्त मुख्याध्यापिकेचं हे प्रकरण आहे. ओळख लपवण्यासाठी थोडा तपशील बदलला आहे. भाव आणि युनिटही सोयीसाठी गोल केले आहेत, पण बाजाराच्या त्या त्या वेळच्या पातळीशी त्यांचा मेळ आहे. बाईंना घरात सगळे अक्का म्हणतात, म्हणून इथेही अक्काच म्हणतो.

निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतला मोठा भाग अक्कांनी बँकेत मुदत ठेवीत ठेवला. चार लाख रुपये मात्र निफ्टी ५० निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात टप्प्याटप्प्याने घालायचं ठरवलं. प्रत्येक टप्पा एक लाखाचा. तारखा मात्र ठरवलेल्या नव्हत्या. 'सवड मिळेल तसं' एवढंच ठरलं होतं.

पहिला लाख फेब्रुवारी २०२० मध्ये गेला. निफ्टी तेव्हा १२,००० च्या थोडा वर होता आणि फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, १२० रुपये होती. लाखाला ८३३.३३३ युनिट मिळाले. पुढच्या महिन्यात बाजार कोसळला. २३ मार्चला एकाच दिवशी निर्देशांक साधारण १३ टक्के पडून ७,६१० वर बंद झाला आणि दोनच दिवसांनी देशभर टाळेबंदी लागली. अक्कांनी दुसरा लाख एप्रिलच्या सुरुवातीला घातला. भाव ८० रुपये होता आणि युनिट मिळाले १,२५०. त्या वेळी भल्याभल्यांनी हात आखडता घेतला होता. अक्कांचा हिशेब साधा होता: पैसे बाजूला काढलेत, ठरलंय, तर घालायचे.

अडचण

एप्रिलच्या मध्यावर खात्याचं विवरण ईमेलने आलं. एनएव्ही ९० झाली होती. विवरणात एकूण युनिट २,०८३.३३३, सरासरी खरेदी भाव ९६ रुपये, आजचं मूल्य १,८७,५०० आणि तोटा १२,५०० रुपये, असं लिहिलेलं होतं.

अक्कांच्या धाकट्या भावाचं किराणा दुकान आहे. हिशेबाला पक्का माणूस. त्याने विवरण पाहिलं आणि फोनवरच म्हणाला, "अक्का, एकशेवीस आणि ऐंशी, मधला भाव शंभर होतो. यांनी शहाण्णव लिहिलाय. तोटा कमी दिसावा म्हणून सरासरी खाली ओढलीय." त्याच्या हिशेबाने युनिटमागे दहा रुपये तोटा होता आणि विवरण सहाच दाखवत होतं. तक्रार करायची, असं त्याचं म्हणणं.

फंड विकणाऱ्या वितरकाने नेमकी उलटी गोष्ट सांगितली. "मॅडम, टप्प्याने घेण्याचा हाच तर फायदा. भाव काहीही होऊ दे, तुम्हाला सरासरीपेक्षा स्वस्तच पडतं. उरलेले दोन लाखही असेच घाला, नुकसान होतच नाही."

अक्कांनी दोघांची वाक्यं वहीत लिहून माझ्याकडे पाठवली. मी शुल्क घेऊन सल्ला देतो, कोणताही फंड विकत नाही. त्यांचे प्रश्न दोन होते. विवरण चुकलंय का? आणि उरलेल्या दोन लाखांचं काय करायचं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दहा मिनिटांचं होतं. मात्र ते नीट समजल्याशिवाय दुसऱ्याला हात घालण्यात अर्थ नव्हता.

आकडा तपासला तेव्हा

विवरण बरोबर आहे की नाही हे सरासरीवरून तपासायचं नसतं. प्रत्येक व्यवहाराची ओळ घ्यायची, रकमेला त्या दिवसाच्या एनएव्हीने भागायचं आणि युनिट जुळतात का ते पाहायचं. एक लाख भागिले १२० म्हणजे ८३३.३३३ आणि एक लाख भागिले ८० म्हणजे १,२५०. दोन्ही ओळी जुळल्या. त्या तारखांची एनएव्ही फंडाच्या जाहीर आकड्यांशी ताडून पाहिली, तीही बरोबर होती. मग दोन लाखांना एकूण युनिटने भागलं की ९६ येणारच. यात कुणी काही ओढलेलं नव्हतं.

तरीही भावाच्या मनातला शंभर कुठून आला हे महत्त्वाचं होतं, कारण तो शंभरही चुकीचा नव्हता, फक्त वेगळ्या खरेदीचा होता. दुकानदार साखर पोत्यांनी घेतो. या खेपेला दहा पोती, पुढच्या खेपेला दहा पोती. भाव बदलला तरी पोती तेवढीच, कारण गिऱ्हाईक तेवढंच असतं. दोन्ही खेपांना माल सारखा असेल तर सरासरी भाव म्हणजे दोन भावांचा बरोबर मध्य. वर्षानुवर्षं तेच केल्यामुळे त्याला दुसरी सरासरी असू शकते असं वाटेना.

अक्कांनी मात्र युनिट सारखे घेतलेच नव्हते, रुपये सारखे घातले होते. रुपये सारखे ठेवले की महाग दिवशी माल कमी येतो आणि स्वस्त दिवशी जास्त, आपण काही न ठरवता. ८३३ आणि १,२५० हे प्रमाण दोनास तीन आहे. म्हणजे दर पाच युनिटांत दोन १२० ने घेतलेले आणि तीन ८० ने घेतलेले. दोन गुणिले १२० म्हणजे २४०, तीन गुणिले ८० म्हणजेही २४०. एकूण ४८० रुपयांत पाच युनिट, म्हणून एकाला ९६. सरासरी काढताना प्रत्येक युनिटला एक मत असतं, आणि स्वस्त भावाकडे मतं जास्त आहेत. म्हणून आकडा ८० च्या बाजूला सरकतो.

ही सरासरी एका वेगळ्या बाजूनेही पाहता येते, आणि मला ती बाजू जास्त पटते. अक्का बाजारात रुपये घेऊन जातात, तेव्हा त्यांच्यासाठी खरा दर 'रुपयाला किती युनिट' हा असतो. भाव १२० असताना एका रुपयाला युनिटचा एकशेविसावा भाग मिळतो, ८० असताना ऐंशीवा भाग. या दोन दरांची अगदी साधी सरासरी काढा आणि उलटी करा, ९६ येतात. संख्याशास्त्रात याला हरात्मक मध्य म्हणतात. दोन्ही भाव सारखेच असतील तेव्हाच तो साध्या मध्याइतका असतो, एरवी नेहमी खाली.

किती खाली, याचाही नेमका हिशेब आहे. दोन भावांतल्या फरकाचा वर्ग घ्यायचा आणि त्याला भावांच्या बेरजेच्या दुपटीने भागायचं. इथे फरक ४०, वर्ग १,६००, बेरीज २००, दुप्पट ४००, म्हणून अंतर ४ रुपये. भाव १०२ आणि ९८ असते तर हेच अंतर चार पैशांवर आलं असतं. मध्य तोच शंभर, फरक दहापट कमी, अंतर शंभरपट कमी. शांत बाजारात दरमहा एसआयपी करणाऱ्यांना विवरणातली सरासरी आणि साधी सरासरी जवळजवळ एकच दिसते, ती यामुळे. मार्च २०२० सारखी आपटी मध्ये आली नसती, तर भावाला शंका घ्यायलाही जागा उरली नसती.

'फायदा' कुणाच्या तुलनेत

आता वितरकाचं वाक्य. 'सरासरीपेक्षा स्वस्त पडतं' हे गणित म्हणून खरं आहे. त्यातून 'नुकसान होत नाही' कसं निघतं, हा प्रश्न आहे.

शंभर रुपये सरासरी कुणाला पडली असती? दोन्ही वेळा हजार-हजार युनिट घेणाऱ्याला. त्याने पहिल्यांदा १,२०,००० घातले असते, दुसऱ्यांदा ८०,०००. एकूण तेच दोन लाख, पण युनिट २,०००. अक्कांकडे ८३.३३३ युनिट जास्त आहेत. एप्रिलच्या ९० च्या भावाने ते साडेसात हजारांचे. चार रुपयांचा फरक प्रत्यक्षात एवढाच आणि या एकाच माणसाच्या तुलनेत. असा माणूस शोधायला गेलं तर सापडणं कठीण, कारण घरगुती गुंतवणूकदार युनिट मोजून घेत नाही, खिशातले रुपये पाहून घेतो.

त्याच दिवशी अक्कांचं खातं साडेबारा हजारांनी तोट्यात होतं. सरासरी मध्यापेक्षा खाली आणि पैसे मात्र उणे. दोन्ही एकदम खरं असू शकतं, कारण नफा-तोटा ठरतो तो सरासरी आणि आजचा भाव यांच्यात. दोन भावांचा मध्य त्यात कुठेच येत नाही. भाव ५० वर गेला असता तरी सरासरी ९६ च राहिली असती आणि वितरकाचं वाक्यही तेवढंच खरं राहिलं असतं. म्हणून ते कशालाच उपयोगाचं नाही, हे मी अक्कांना स्पष्ट सांगितलं.

आणखी एक गोष्ट कागदावर मांडून दाखवली. भाव आधी ८० आणि मग १२० असे आले असते तरी सरासरी ९६ च आली असती. खरेदीच्या क्रमाने तिला काही फरक पडत नाही. पण क्रम उलटा असता तर दोन्ही लाख पहिल्याच दिवशी घालणाऱ्याला २,५०० युनिट मिळाले असते आणि अक्का ४१७ युनिटांनी मागे राहिल्या असत्या. प्रत्यक्षात जसं झालं त्या क्रमात, सगळे पैसे फेब्रुवारीत घालणाऱ्याला १,६६७ मिळाले असते आणि अक्का तेवढ्याच ४१७ युनिटांनी पुढे राहिल्या. सरासरी तीच, निकाल उलटा.

समोरचे पर्याय

उरलेल्या दोन लाखांसाठी आम्ही चार रस्ते पाहिले.

सगळे लगेच घालणं हा पहिला. भाव ९० होता. दीर्घकाळात बाजार वाढतो असं मानलं तर थांबण्यात सरासरीने तोटाच असतो, त्यामुळे गणित याच्या बाजूचं होतं. पण अक्कांना झोप लागली नसती. खातं तोट्यात, रोजच्या बातम्या घाबरवणाऱ्या आणि निवृत्तिवेतन वेळेवर येईल का याचीही त्यांना धाकधूक होती.

एक लाखाचे दोन टप्पे, आधीसारखेच, हा दुसरा. तिसरा भावाने सुचवला: दोन्ही वेळा सारखे युनिट घ्यायचे, म्हणजे हिशेब दुकानासारखा सरळ राहील. यात अडचण अशी की पुढचा भाव माहीत नसताना दोन लाखांत दोन्ही वेळा किती युनिट बसतील हे आधी सांगताच येत नाही. भाव वाढला तर पैसे कमी पडणार, उतरला तर उरणार. ठरलेली रक्कम हाती असणाऱ्याला ही पद्धत सोयीची नाही. साखरेच्या दुकानात ती चालते, कारण तिथे ठरलेली असते ती विक्री. हे पटल्यावर भावाने आपला पर्याय स्वतःच मागे घेतला.

चौथा रस्ता म्हणजे दोन लाख मुदत ठेवीत टाकून फंडाचा विषय संपवणं. त्यातही काही गैर नव्हतं.

अक्कांनी दुसरा निवडला. मी एकच अट घातली: तारखा आत्ताच लिहायच्या. 'बाजार बघून' घालायचं म्हटलं की समान रकमेची पद्धत नावापुरतीच उरते. मनाला सोयीचा दिवस बहुधा भाव वाढल्यानंतरचा असतो. वहीत जूनचा पहिला आठवडा आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा अशी नोंद झाली. पाच महिन्यांचं अंतर मला जास्त वाटत होतं आणि मी ते म्हटलंही. पण एक मुदत ठेव ऑक्टोबरअखेर सुटणार होती आणि ती मोडायची अक्कांची तयारी नव्हती.

पुढे काय झालं

जूनमध्ये भाव १०० होता, लाखाला १,००० युनिट आले. नोव्हेंबरमध्ये बाजार पुन्हा १२,००० च्या वर पोचला होता. भाव १२०, युनिट ८३३ च्या आसपास. जुलै २०२० पासून युनिट खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागू झालं, त्यामुळे लाखामागे पाचेक रुपये आधीच कापले गेले. पुढच्या हिशेबात ते सोडून देतो.

या दोन खरेदींची सरासरी १०९.०९ आणि साधा मध्य ११०. पुन्हा एकदा 'सरासरीपेक्षा स्वस्त'. पण दोन्ही लाख जूनमध्येच घातले असते तर २,००० युनिट मिळाले असते. मिळाले १,८३३. मध्याला ९१ पैशांनी हरवलं आणि १६७ युनिट गमावले. नोव्हेंबरच्या भावाने त्यांची किंमत वीस हजार रुपये होते. अक्कांनी हा आकडा स्वतः काढला आणि 'हे वितरकाला पाठवू का?' म्हणून विचारलं.

निर्णय चुकला का? माझ्या मते नाही. नोव्हेंबरचा भाव १२० ऐवजी ८० असता तर २,२५० युनिट झाले असते, म्हणजे एकरकमीपेक्षा अडीचशे जास्त. जूनमध्ये बसून यातलं कोणतं होईल हे सांगता येत नव्हतं. अक्कांनी टप्पे निवडले ते सगळे पैसे एकाच भावाला अडकू नयेत म्हणून. त्यासाठी वाढत्या बाजारात किंमत मोजावी लागते आणि ती त्यांनी मोजली. समान रकमेची सरासरी खाली येते हे या निवडीचं कारण नव्हतं.

चारही खरेदी मिळून चार लाखांत ३,९१६.६६७ युनिट, सरासरी १०२.१३. चार भावांचा साधा मध्य १०५.

पैसे काढताना तेच गणित उलटं

हे कुणी अक्कांना आधी सांगितलं नव्हतं, वितरकाने तर नाहीच. समान रुपयांची खरेदी सरासरी भाव खाली आणते, तशीच समान रुपयांची विक्रीही आणते. घेताना खाली येणं चांगलं. विकताना ते आपल्याच खिशातून जातं.

२०२२ मध्ये घराच्या दुरुस्तीसाठी अक्कांनी दोनदा ४५,००० रुपये काढले. जानेवारीत भाव १८० होता, २५० युनिट विकावे लागले. जूनमध्ये बाजार उतरून भाव १५० झाला होता, तेवढ्याच रुपयांसाठी ३०० युनिट गेले. ९०,००० रुपयांसाठी ५५० युनिट, म्हणजे सरासरी १६३.६४. साधा मध्य १६५. दोन्ही वेळा २७५ युनिट विकले असते तर ९०,७५० रुपये आले असते. स्वस्त दिवशी आपोआप जास्त युनिट देणारा नियमच इथे स्वस्त दिवशी जास्त युनिट काढून घेतो.

साडेसातशे रुपये ही मोठी रक्कम नाही, हेही सांगायला हवं. पण दरमहा ठरलेली रक्कम काढून देणाऱ्या एसडब्ल्यूपीवर कुणी पंधरा-वीस वर्षं घर चालवणार असेल आणि मध्ये मोठी घसरण आली, तर गेलेले युनिट परत येत नाहीत आणि पुढची वाढ उरलेल्यांवरच होते. अशा वेळी सारखे युनिट विकणं हा कागदावरचा उपाय आहे. गवंडी आणि सुतार रुपयांत पैसे मागतात, त्यामुळे तो व्यवहारात टिकत नाही. अक्कांसोबत आम्ही साधी व्यवस्था केली: एका वर्षाचा जास्तीचा खर्च बचत खात्यात आणि छोट्या मुदत ठेवीत ठेवायचा, म्हणजे भाव पडलेल्या महिन्यात फंडाला हात लावावा लागणार नाही.

याच वेळी सरासरी भावाचा आणखी एक गैरसमज निघाला. कर भरताना अक्कांनी नफा १८० वजा १०२ असा धरला होता. आयकरासाठी फंडाच्या युनिटला सरासरी चालत नाही. जे आधी घेतले ते आधी विकले असं मानतात. जानेवारीत विकलेले अडीचशे युनिट फेब्रुवारी २०२० चे, १२० ला घेतलेले. त्यामुळे नफा साडेएकोणीस हजार नव्हे, तर १५,००० झाला. दीर्घकालीन नफ्याला तेव्हा असलेल्या एक लाखाच्या सवलतीत दोन्ही आकडे बसत होते, म्हणून कराला फरक पडला नाही. विवरणपत्रात मात्र बरोबर आकडा गेला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दोन टप्प्यांना तारीख नव्हती. एप्रिलची खरेदी झाली ती अक्कांच्या स्वभावामुळे. दुसरं कुणी असतं तर तो लाख बहुधा नोव्हेंबरपर्यंत घरातच राहिला असता आणि ८० चा भाव हिशेबात आलाच नसता. सुरुवातीलाच, फेब्रुवारीत, चारही तारखा लिहायला हव्या होत्या.

जून ते नोव्हेंबर हे अंतर कमी करता आलं असतं. दोन लाखांचे दोनऐवजी चार छोटे टप्पे जूनपासून सलग चार महिने केले असते तर पैसे कमी काळ बाहेर राहिले असते. त्यासाठी मुदत ठेव थोडं व्याज सोडून मोडावी लागली असती. ती तुलना आम्ही आकड्यांत केली नाही, नुसत्या बोलण्यावर सोडून दिली. करायला हवी होती.

पैसे काढण्याची चर्चा गुंतवणुकीच्या दिवशीच व्हायला हवी होती, जून २०२२ नंतर नव्हे. वर्षाचा खर्च बाजूला असता तर १५० च्या भावाला तीनशे युनिट विकावेच लागले नसते.

भावाने मात्र दुकानात एक बदल केला. सुका मेवा तो आता ठरलेल्या रकमेचा घेतो, कारण तो माल टिकतो आणि भावही बराच हलतो. साखर अजून पोत्यांनीच येते.